महालक्ष्मीच्या पायऱ्यांचे सोळा खोके

व्यंकटीला कुठंही नवीन गेला की आधी भिंतीवर तळवा टेकायची सवय होती. भूकंप झाला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. बाहेरून धडधाकट दिसणारं घर आतून कसं होतं, हे त्यानं त्या पहाटे बघितलं होतं. पुढं लातुरात येऊन कॉम्प्युटर जोडायचा धंदा धरला, तरी तो तळवा काही शांत झाला नाही. कॅबिनेटवरही तो तसाच टेकायचा.

बापूसाहेबांच्या क्लासमध्ये अकरा नंबरच्या मशीनवर त्यानं हात ठेवला आणि झटकन काढला.

"वीस मिनिटं चालतं आणि फटकन बंद होतं," बापूसाहेब म्हणाले. "रविवारी शंभर पोरांची ऑनलाइन सराव परीक्षा आहे, वीस-वीसच्या पाच तुकड्यांत. आपल्या क्लासचे गंधार सर म्हणतात, प्रोसेसरसोबत फुकट आलेले पंखे बिनकामाचे. विसाच्या वीस मशीनला मोठे कूलर बसवा."

"आधी उघडून बघतो, सर."

"बघ की. अन् प्रोसेसरच गेला असंल तर तीन वर्षांची वॉरंटी हायेच. तूच बिलावर लिहून दिलंस, वीस बॉक्स पॅक, कंपनीच्या खोक्यातले."

व्यंकटी पिशवीतला स्क्रूड्रायव्हर शोधू लागला. पावणेदोन वर्षांपूर्वी, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, नांदेडच्या माणिकप्पा व्यापाऱ्यानं प्रोसेसरचे सोळाच खोके पाठवले होते. उरलेले चार प्रोसेसर कारखान्याच्या ट्रेमधले, सुटे. "चिप तीच हाय रे," माणिकप्पा फोनवर हसला होता. चिप खरंच तीच होती. पण सुट्या चिपसोबत पंखा नसतो, खोका नसतो, आणि कंपनी थेट गिऱ्हाइकाला ओळखत नाही. वॉरंटी एक वर्ष, तीही दुकानदाराच्या तोंडची. ते वर्ष कधीच सरलं होतं. व्यंकटीनं चार पंखे बाजारातून आणून बसवले. सांगू नंतर, म्हणाला. त्या महिन्यात सांगायचं राहिलं, आणि मग सांगायला तोंड उरलं नाही.

"चंद्रप्रभा, ते खोके आण," बापूसाहेबांनी मागच्या घराकडं बायकोला हाक मारली. "वॉरंटीला लागणारा अख्खा नंबर खोक्यावर असतो म्हणं. चिपवर अर्धाच."

चंद्रप्रभाबाईंनी ते खोके महालक्ष्मीच्या पायऱ्यांसाठी जपून ठेवले होते. सोनेरी कागद चिकटवलेला ढीग त्यांनी टेबलावर आणून ठेवला.

"सोळाच हायेत," त्या म्हणाल्या. "तवाच म्हणलं होतं मी याला. वरची पायरी अपुरी राहिली, शेवटी साबणाचे खोके लावले. उरलेले चार दुकानात हायेत म्हणालास ना, व्यंकटी? दोन महालक्ष्म्या झाल्या, अजून येऊन राहिलेत!"

व्यंकटीनं स्क्रू काढायला घेतले. हे मशीन त्या चारांतलं असलं तर? चार कुठले, हे त्यानं लिहूनसुद्धा ठेवलं नव्हतं.

झाकण निघालं. पंख्यावर कंपनीचं नाव होतं. हा खोक्यातलाच. त्यानं श्वास सोडला आणि लगेच दिसलं, पंख्याच्या चार प्लास्टिकच्या पायांपैकी एक बोर्डाच्या भोकातून वर आला होता.

"टेबलं हलवली होती का?"

"मागच्या महिन्यात. वरच्या हॉलमधून खाली आणली."

पंखा चिपवर नीट टेकतच नव्हता. चिपची उष्णता पंख्याकडं नेणारी जुनी पेस्ट वाळली होती, ती त्यानं पुसली, नवीन थेंब लावला, समोरासमोरचे पाय जोडीनं दाबले. चारही पाय कट्टदिशी बसले. मशीन कामाला जुंपलं. आधी शंभर अंशांना टेकणारं तापमान बहात्तरवर थांबलं. एक तास झाला, हाललं नाही.

"मोठे कूलर नको, सर. एवढ्या कामाला सोबतचा पंखा पुरतो. आवाज करंल जरा. धूळ काढा आणि मे महिन्यात एसी बंद ठेवू नका."

"शाब्बास! म्हणजे वॉरंटीचं काम पडलंच न्हाई. आण गं, चहा आण."

सुटलो, असं व्यंकटीला वाटायला हवं होतं. पण तो बसेना. पिशवी उचलली, दारापर्यंत गेला, चौकटीला तळवा टेकला आणि परत फिरला.

"सर, चार खोके दुकानात न्हाईत. आलेच नव्हते." आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

बापूसाहेबांनी सोनेरी कागदाचं टोक खरवडलं. "आज चालू झालं होतं की. कशाला सांगितलंस?"

"उद्या दुसरं बंद पडंल. मला झोप लागत न्हाई."

"मग झोपू नको. सगळी उघड, चार कुठले ते शोध, वर लिही. अन् बिलावरचं 'वीस बॉक्स पॅक' तुझ्या हातानं खोड. त्या चारांची तीन वर्षांची वॉरंटी तुझ्याकडं."

व्यंकटी चहा न घेताच खाली बसला आणि एक नंबरच्या मशीनचा स्क्रू फिरवू लागला. चंद्रप्रभाबाई ढीग उचलून आत जाताना थांबल्या.

"म्हणजे वरच्या पायरीला साबणाचेच," त्या म्हणाल्या. "बरं झालं, सांगितलंस. मी अजून वाट बघून राहिले होते."