घासाचा धंदा

डहाणू रोडच्या आमच्या रबर कारखान्याला पन्नास वर्षं होत होती आणि स्मरणिका माझ्या गळ्यात पडली. कंपनी मुळात खाद्यपदार्थांची, असं सगळे छातीठोक सांगत, कारण सर्वांत जुन्या गुजराती वार्षिक अहवालात ‘घासनो धंधो’ असं लिहिलं होतं. मला पटेना. मुंबईला कंपनी निबंधकांच्या कचेरीत जाऊन मी आमची मूळ फाईल काढायला लावली. कंपनी नोंदवतानाच्या मेमोरँडममध्ये पहिलाच उद्देश होता, गवत घेऊन, गठ्ठे बांधून विकणं. गुजरातीत घास म्हणजे गवत! खाली संस्थापकांच्या सह्या होत्या. एक आमच्या मालकांच्या, म्हणजे शेठच्या आजोबांची, दुसरी तलासरीच्या एका शेतकऱ्याची.

“दुसरं नाव कशाला?” स्मरणिकेचा मजकूर वाचून शेठ म्हणाले.

“शेठ, घास दोघांचा होता,” मी म्हणालो, आणि दोन्ही नावं छापायला दिली.