दोन फेऱ्यांची ओळ

तिला सगळे मावशी म्हणत, आणि ते ती सव्वीस वर्षांची असल्यापासून. जुन्या स्टुडिओत तिच्या ड्रॉवरमध्ये सुईदोरा, डोकेदुखीची गोळी आणि जादा चार्जर असे, एवढंच काय ते कारण. पोरांनी एकदा नाव ठेवलं की ते निघत नाही. स्टुडिओ बंद पडला, पोरं पांगली, मावशी मात्र मावशीच राहिली, आणि घरच्या मागच्या खोलीत टॅब्लेटवर चित्रं काढून पोट भरू लागली. हलणारी चित्रं. सेकंदाला बारा चित्रं, प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकवायचं, म्हणजे चोवीस फ्रेमचा सेकंद भरतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तो सेकंद लक्षातही येत नाही. काढणारीच्या मनगटाला मात्र बारांच्या बारा लक्षात राहतात.

मनगटानं तक्रार सुरू केली ती पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या कामापासून. त्या कामाचा भाव मावशीनं नेहमीच्या पद्धतीनं ठरवला होता: चार ओळखीच्यांना फोन करून सेकंदाचा चालू भाव विचारायचा, मग गिऱ्हाईक बिथरू नये म्हणून त्यातला एक चतुर्थांश स्वतःच छाटायचा, आणि खाली मोठ्या मनानं लिहायचं, 'समाधान होईपर्यंत बदल करून देऊ.' टाकीवाल्यांचं समाधान काही होईना. टाकी जरा गोल करा, टाकी जरा हसरी करा, पहिलीच बरी होती, ती परत आणा. मालकाच्या मेहुण्याचंही मत आलं, आणि मेहुण्याला मत असतं हे मावशीनं भावात धरलं नव्हतं. काम संपलं तेव्हा तिला डब्याचं झाकण उघडता येत नव्हतं.

"शिरा सुजल्यात," फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "चित्रं काढा, पण मोजून काढा. तेच तेच परत काढणं बंद. असंच चालू ठेवलंत तर पुढच्या वर्षी पेन धरता येणार नाही."

मावशी घरी येऊन रडली. नवऱ्यासमोरच रडली, लपवण्यासारखं त्यात काय होतं? तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही आवडतही नव्हतं.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवण्याचं काम करी. माणूस कमी बोलणारा, पण बोलला की कामाचं बोले. "तुझा भाव कोण ठरवतं?" त्यानं विचारलं.

"बाजार."

"आणि बदल किती करायचे ते?"

"गिऱ्हाईक."

"मग तू काय ठरवतेस?"

यावर मावशीला राग आला.

पुढचं काम आलं ते कानाची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीचं. एका मिनिटाची फिल्म: ऐकू न येणारे एक आजोबा, त्यांची नात, यंत्र, आणि शेवटी आजोबांना नातीचा आवाज ऐकू येतो. या वेळी मावशीनं कुणालाच फोन केला नाही. कागद घेऊन बसली. घरखर्चातला तिचा वाटा, सॉफ्टवेअरचं भाडं, टॅब्लेटची झीज, कर, सगळं वर्षाचं मांडलं. त्याला वर्षाच्या सगळ्या दिवसांनी भागायला निघाली आणि थांबली, कारण जवळजवळ निम्मे दिवस गिऱ्हाईक शोधण्यात, फोनवर आणि वाट पाहण्यात जातात, त्यांचे पैसे कुणीच देत नाही. म्हणून फक्त कमाईच्या दिवसांनी भागलं. दिवसाचा भाव निघाला तो पाहून तिचे कान गरम झाले. गेली सहा वर्षं ती स्वतःच्याच खिशातून गिऱ्हाइकांचे लाड पुरवत होती.

मग तिनं गोष्टीचे तुकडे पाडले. कानाची आकृती आणि सरकणारी अक्षरं असलेले सेकंद सोपे, दिवसात सहा-सात होतात. आजोबांचे हात, चालणं, चेहरा असलेले सेकंद अवघड, रंगासकट दिवसाला जेमतेम दोन. सरसकट एकच भाव लावला असता तर सोप्यात गिऱ्हाईक आणि अवघडात ती स्वतः फसली असती. दिवस मोजले, दिवसाच्या भावानं गुणले, वर थोडी जागा अडीअडचणींसाठी ठेवली आणि पूर्ण कामाची एक रक्कम काढली. साठ सेकंदांपर्यंत एवढे; वाढला तर प्रत्येक सेकंदाला एवढे. फिल्ममागे बोललं जाणारं निवेदन तिनं आधी मोठ्यानं, सावकाश वाचून घड्याळ लावून पाहिलं, कारण मनातल्या मनात वाचलं की सगळ्याच फिल्म छोट्या होतात.

खाली अटी. रक्कम तीन हप्त्यांत: सुरुवातीला, कच्चा आराखडा मंजूर झाल्यावर, आणि शेवटची फाइल देण्याआधी, तोवर चित्रावर तिच्या नावाची आडवी खूण राहील, म्हणजे फिल्म पाहता येईल पण वापरता येणार नाही. फाइल आडव्या आकारात एक. फोनसाठी उभी हवी असल्यास वेगळे पैसे, कारण नुसती कापली तर आजोबांचे हात जातात. चित्राचा प्रत्येक भाग वेगळा बदलता येतो त्या मूळ थरांच्या फाइली यात धरलेल्या नाहीत. आणि मग ती ओळ: पात्र, आराखडा, हालचाल अशा प्रत्येक टप्प्यावर बदलांच्या दोन फेऱ्या, बदल एकाच व्यक्तीकडून, एकत्र, लेखी, मंजुरीनंतरचा बदल हे नवं काम.

पाठवण्याचं बटण दाबण्याआधी तिनं रक्कम तीनदा वाचली, हे सांगायलाच हवं.

चार दिवसांनी बोलावणं आलं. कंपनीच्या कचेरीत काचेची खोली, गार हवा, भिंतीवर माणसाएवढा प्लास्टिकचा कान. समोर प्रसिद्धी विभागाच्या मॅडम, वयानं लहान, बोलायला चटपटीत.

"रक्कम चालेल आम्हाला," मॅडम म्हणाल्या.

मावशीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं, आणि तेही नेमकं या कचेरीत.

"फक्त ती दोन फेऱ्यांची ओळ काढून टाका. जरा कडक वाटते हो. आम्ही काही फार बदल सांगणाऱ्यांतले नाही."

बस, एवढंच. एक ओळ खोडायची की आयुष्यात पहिल्यांदा पुरता भाव मिळत होता. मावशीचा हात पेनाकडे गेलासुद्धा. मग तो दुखला. दुखला म्हणून ती शहाणी झाली असं नाही. दुखला म्हणून तिला मेहुणा आठवला.

"मॅडम, मंजुरी कोण देणार?"

"मीच. म्हणजे मी, विक्रीवाले, आमचे डॉक्टर, वितरक, आणि अर्थात मालक."

पाच माणसं. टाकीच्या वेळी तिघंच होती.

"असं करू," मावशी म्हणाली, "मी रक्कम दहा टक्के कमी करते. ओळ राहू द्या."

मॅडम तिच्याकडे पाहतच राहिल्या. "लोक ओळी काढून रक्कम वाढवतात. तुम्ही उलटंच करताय."

"पैसे नंतरही कमावता येतील. तेच चित्र चौथ्यांदा काढून हात गेला, तर तो परत मिळत नाही."

मॅडमना ते कितपत पटलं कोण जाणे, पण दहा टक्के पटले. मंजुरी देणारी एकच व्यक्ती म्हणून त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं आणि सही केली. मावशी जिना उतरताना स्वतःवर वैतागली होती. पुरता भाव हातात आला होता आणि हिनं सोडला. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "चष्म्याचा नंबर कितीदा बदलून देणार ते आम्हीही आधीच सांगतो. गिऱ्हाईक एकदा तोंड वाकडं करतं, मग नीट पाहून घेतं."

त्यानंतर ते काम खरोखर सरळ झालं. पाचही जणांना आपापली मतं होती, पण ती आता काचेच्या खोलीत एकमेकांवर आदळत आणि मावशीपर्यंत एकच कागद पोचे. डॉक्टरांनी यंत्र बसवण्याची पद्धत सुधारली, ती खरंच चुकली होती. वितरकाला नात जरा मोठी हवी होती, झाली. आजोबांचं चित्र दोन फेऱ्यांत ठरलं: जाड भिंगाचा चष्मा, बारीक खांदे, भरघोस मिशी. मॅडमनी लेखी मंजुरी दिली. मग मावशी हालचालीला बसली, रोज ठरलेल्या वेळी उठली, मनगट गरम पाण्यात धरलं, आणि बऱ्याच दिवसांनी तिला काढण्यात मजा आली.

फिल्म पुरी झाली, आडव्या खुणेसकट पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. आवाजातला चटपटीतपणा गेला होता.

"मालकांनी पाहिली. त्यांना सगळं आवडलं. फक्त आजोबांची मिशी काढा म्हणतात."

"आजोबांचं चित्र मंजूर झालंय, मॅडम."

"माहितीये हो. मी त्यांना तेच सांगितलं. ते म्हणतात, शेवटी आजोबा हसतात ते मिशीमुळे दिसतच नाही."

मावशीनं फोन कानाशी ठेवूनच फिल्म लावली. नात हाक मारते, आजोबा वळतात, थांबतात, हसतात. गाल उचलले जातात, डोळे बारीक होतात, आणि तोंडाच्या जागी मिशी, झुडपासारखी. मालकाचं बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर होतं, आणि हे आपल्याला इतके दिवस दिसलं नाही याची तिला लाज वाटली.

"मालकांचं बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग?" मॅडम आशेनं म्हणाल्या.

जुनी मावशी असती तर 'बघते' म्हणाली असती. आजोबा बावीस सेकंद पडद्यावर होते. नुसती मिशी पुसून भागत नाही, तिच्याखाली ओठ काढावे लागतात, आणि ओठ बोलतात, मिटतात, हसतात. अडीचशेच्या वर चित्रं. तिनं उजवी मूठ मिटून पाहिली, उघडून पाहिली.

"ते नवं काम होईल," ती म्हणाली, आणि अवघड सेकंदाच्या भावानं बावीस सेकंदांची रक्कम सांगितली.

पलीकडे मॅडमनी रक्कम लिहून घेतली. मग मॅडम म्हणाल्या, "विचारून सांगते." अर्ध्या तासानं निरोप आला: मिशी राहू द्या. पाठोपाठ शेवटचा हप्ताही आला, एक पैसा न कापता. मावशीनं खूण काढून फाइल पाठवली.

तिला आनंद झाला का? झाला. हात शाबूत होता, पुढच्या वर्षीही राहणार होता. पण चहाचा कप भरून घेतला तरी तिच्या डोक्यातून ते तोंड जाईना.

नवरा दुकानातून आला, हातपाय धुऊन खुर्ची ओढून बसला. तिनं फिल्म लावली. त्यानं ती नेहमीप्रमाणे डोळे किलकिले करून पाहिली.

"छान झालीये," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "अगं, शेवटी तो म्हातारा हसतोय ना?"

"हसतोय," मावशी म्हणाली.

"कळलं नाही."

"माहितीये," ती म्हणाली, आणि दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवले.