पेन्सिलीतलं चार नंबर

चुडामण नाना म्हणजे आमच्या प्रकाशा गावच्या हायस्कूलचे मुख्य लिपिक. ताकसुद्धा फुंकून पिणारा माणूस. कपाटाला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघणार, दहा पावलं गेल्यावर परत येऊन तिसऱ्यांदा ओढणार. पाठवलेल्या ईमेलची प्रिंट काढून फाइलला लावणार. मी त्याच शाळेत संगणक शिकवते. या माणसाची थट्टा केल्याशिवाय माझा दिवस जात नसे. "नाना, ती ईमेल आता उडून जाणार नाही," म्हटलं की ते म्हणायचे, "ताई, कागद हातमा ऱ्हायना म्हंजे झोप येस."

घरी तापीकाठी सहा एकर केळी, तरी नोकरीत एकतीस वर्षांत रजा अशी मोजकीच. येत्या मे महिन्यात निवृत्ती. त्यांना एकच धास्ती होती, जाता जाता आपल्या नावावर कसली चूक राहू नये. ही धास्ती मला तेव्हा फार गमतीची वाटायची.

जूनमध्ये संस्थेच्या कार्यालयातून पत्र आलं. जुनी जनरल रजिस्टरं पीडीएफ करून पोर्टलवर चढवा, एक फाइल वीस एमबीच्या आत, मुदत आठ दिवस. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचा प्राण. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, आला कधी, गेला कधी, सगळं त्यात. आमच्याकडची मूळ अकरा रजिस्टरं मात्र वाळवीनं केव्हाच संपवली होती. त्याआधी संस्थेनं ती स्कॅन करून घेतली होती म्हणून बरं. एका रजिस्टरची एक टिफ, म्हणजे चित्रांची फाइल, तिच्या पोटात दोनशेच्या आसपास पानं, आकार सव्वादोन जीबी. अशा अकरा. ऑफिसचा संगणक त्या ओझ्यानं कण्हायचा.

नाना माझ्याकडे आले. चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरासारखा.

"ताई, एकेक पान उघडी उघडी करू तं दिवाळी येई."

मी म्हटलं, "एकेक कशाला? एकदम करू." एक फुकटचं साधन उतरवून घेतलं आणि चार ओळींची बॅच फाइल लिहिली. फोल्डरमधली प्रत्येक टिफ घ्यायची, तिची सगळी पानं त्याच क्रमानं एका पीडीएफमध्ये घालायची, मग पुढची टिफ. आधी पानांच्या राखाडी छटा ठेवून पाहिल्या. रिझोल्यूशन कमी करूनही एक रजिस्टर सत्तर एमबीच्या पुढे. मग मी काळं-पांढरं निवडलं. त्यात पानावरचा प्रत्येक ठिपका एक तर काळा होतो, नाहीतर पांढरा. फॅक्ससाठी निघालेली फाइल दाबण्याची जुनी पद्धत लावली, की रजिस्टर पंधरा एमबीत बसतं. अक्षरं ठसठशीत, जणू नवी शाई. मी खूश, नाना खूश.

पण नाना ते नानाच. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की अशी बरीच साधनं टिफचं पहिलंच पान उचलतात आणि बाकीची सोडून देतात. त्यांनी दोन दिवस बसून अकराही पीडीएफची पानं टिफच्या पानांशी ताडून पाहिली. दोनशे बाराला दोनशे बारा, एकशे अठ्ठ्याण्णवला एकशे अठ्ठ्याण्णव. वहीत लिहून खाली सही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, ते असं. पानं सगळी होती. पानांवर काय उरलं आहे ते दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.

संस्थेतून फोन आला, संगणक मोकळा करा. नानांनी मला विचारलं, "काढी टाकू का टिफ?" मी वर्गावर निघाले होते. "टाका की," म्हटलं.

ऑगस्टच्या एका सोमवारी डोंगरसिंग आणि त्याची मुलगी रुचिका ऑफिसात आले. डोंगरसिंग सातपुड्यातल्या पाड्यावरचा, शहाद्याला एसटी डेपोत मेकॅनिक. मुलीला मेडिकलला जागा मिळायची होती आणि जात पडताळणी समितीपुढे तिची सुनावणी गुरुवारी होती. घरातला सगळ्यात जुना पुरावा म्हणजे तिच्या आजोबांची, भिला यांची, आमच्या शाळेतली नोंद. समितीला त्या पानाची साक्षांकित प्रत हवी होती.

नानांनी चार नंबरचं रजिस्टर उघडलं. पान एक्क्याण्णव. भिला फत्तू, गाव, जन्मतारीख, दाखल एकोणीसशे एकसष्ट. जातीचा रकाना कोरा.

नानांनी पान मोठं केलं. कोरा. खालच्या ओळीत 'गुजर' ठळक होतं, वरच्या ओळीत 'माळी' ठळक होतं. भिलाच्या ओळीत मात्र काहीच नव्हतं.

"आते?" डोंगरसिंग म्हणाला.

"उद्या या," नाना म्हणाले. "प्रत तयार ठेवस." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

ते गेल्यावर नानांनी मला बोलावलं आणि पानं उलटून दाखवली. बऱ्याच पानांवर एखाद-दुसरा रकाना कोरा, आणि बहुतेक नावं डोंगराकडच्या पाड्यांवरची. नाना खुर्चीत बसले. मग हळूहळू बोलू लागले. शाळेच्या पहिल्या हेडमास्तरांची एक रीत होती. पोराचा बाप जातीचा कागद घेऊन आला तर नोंद शाईनं. नसेल तर पेन्सिलीनं, कागद आणला की वरून शाई फिरवायची. मळ्यातले बाप दुसऱ्या दिवशी यायचे. पाड्यावरचे बाप मजुरीला गुजरातेत जायचे, ते परत यायचेच नाहीत. त्यांच्या पोरांच्या नोंदी पेन्सिलीतच राहिल्या.

"हाई माले माहीत व्हतं, ताई. मन्हा आधीना बाबूनी सांगेल व्हतं. तुले सांगानं सुचनंच नही."

पेन्सिल राखाडी असते. काळं आणि पांढरं अशी दोनच घरं ठेवली की फिक्कट राखाडी पांढऱ्यात जातं. हे मला माहीत होतं आणि मी मुलांना शिकवते.

टिफ परत मिळवायचा प्रयत्न केला. शिफ्ट दाबून डिलीट केलेल्या, कचरापेटीतही नव्हत्या. संगणकात साठवणीसाठी नवा एसएसडी, तो पुसलेली जागा स्वतःच साफ करून टाकतो, आणि वर दोन महिने उलटलेले. काहीही निघालं नाही. पीडीएफमध्ये जे पांढरं झालं ते कुठल्याही युक्तीनं परत येणार नव्हतं. नाना सारखे उठत होते, बसत होते. "पोरीनी जागा जाई," एवढंच पुन्हा पुन्हा.

मंगळवारी सकाळी ते मोटारसायकल काढून लोणखेड्याला गेले. स्कॅनिंग झालं तेव्हा संस्थेचं कार्यालय तिथे होतं आणि ठेकेदारानं एकेका रजिस्टरची एकेक डीव्हीडी दिली होती. दुपारी बारा वाजता ते अकरा डिस्का छातीशी धरून आले. शर्ट घामानं चिंब. मी चार नंबरची उजेडात धरली. बाहेरच्या कडेनं चंदेरी थर उचकटून पापुद्रे निघाले होते.

मी ड्राइव्हमध्ये घातली. साधी कॉपी बारा टक्क्यांवर अडकली. मग खराब जागा सोडून वाचता येईल तेवढं उचलणारं साधन लावलं. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे फाइलची पहिली पानं आतल्या बाजूला, चांगल्या भागात. मी हे नानांना सांगितलं. ते म्हणाले, "एक्क्याण्णव आतमा शे का बाहेर?" मला सांगता येईना. ड्राइव्ह घरघरायची, थांबायची, पुन्हा घरघरायची. वीस टक्के, एकतीस, अडतीस. नानांनी ओठ घट्ट मिटले होते आणि बोटं टेबलावर होती. डोंगरसिंग आणि रुचिका दारात येऊन उभे राहिले, त्यांना कुणी बसा म्हणायचंही विसरलं. रुचिकानं मला विचारलं, "मॅडम, मिळेल ना?" मी तिच्याकडे न बघता मान हलवली.

चौसष्ट टक्क्यांना वाचन संपलं. पुढचं डिस्कवर नव्हतंच. अर्धवट टिफची पानं सुटी केली. ती एकामागून एक निघत गेली आणि एकशे छत्तिसाव्याला थांबली.

एक्क्याण्णवावं उघडलं. भिला फत्तू. जातीच्या रकान्यात फिक्कट, तिरक्या अक्षरात 'भिल्ल'.

रुचिका रडायलाच लागली. नानांनी चष्मा काढून बाहीनं पुसला, लावला, पुन्हा काढला. मी ते पान राखाडीतच ठेवून पीडीएफ केलं. नानांनी प्रिंट काढली, पेन्सिल दिसते का ते खिडकीपाशी नेऊन पाहिलं, मुख्याध्यापकांची सही घेतली, शिक्का मारला. मीही मोकळा श्वास घेतला. मनात पुढचं सगळं ठरवूनही टाकलं होतं. बाकीच्या दहा डिस्का धड दिसत होत्या, त्यांची नीट पीडीएफ करायची, राखाडीत, पन्नास-पन्नास पानांचे तुकडे पाडून, म्हणजे वीस एमबीची अट मोडत नाही. कुणाला कळायचंही कारण नव्हतं.

डोंगरसिंगनं प्रत दोन्ही हातांनी धरली आणि बराच वेळ बापाच्या नावाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "नाना, मन्हा काकानं पान बी आतेच काढी द्या ना. रायसिंग फत्तू. बापना मांगे चार वरीस उना व्हता शाळामा. त्यानी नातले पुढला साल लागी."

नानांनी पीडीएफमध्ये नाव शोधलं. पान एकशे त्रेसष्ट, एकशे छत्तीसच्या पुढचं. रकाना कोरा.

मला वाटलं, नाना आता म्हणतील, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी ते नसणारच होते. पण नाना उठून उभे राहिले.

"डोंगरसिंगभाऊ, ती नोंद गयी. पेन्सिलमा व्हती. मन्हा हातथून गयी. मी लिखी देस, सहीनिशी, का शाळाना चुकीमुये गयी. समितीले दखाडा. त्या मानतीन का नही, माले सांगता येत नही."

नानांनी कोरा कागद ओढला आणि लिहायला बसले. एकशे सदतीसपासून दोनशे बारापर्यंत जेवढे रकाने कोरे दिसत होते तेवढी नावं, एकेक करून, खाली 'माझ्या हलगर्जीपणामुळे'. एकावन्न नावं झाली. एकतीस वर्षं जपलेलं नाव त्यांनी त्या कागदाखाली लिहिलं, चुडामण हिंमतराव पाटील, मुख्य लिपिक.

काळं-पांढरं मी निवडलं होतं. टिफ काढून टाका असंही मीच म्हटलं होतं. मी टेबलाच्या या बाजूला उभी होते, पेन माझ्याही खिशाला होतं, आणि मी सही केली नाही.