नीरावहिनीचे चाळीस रुपये

माझा थोरला भाऊ तुळशीराम रेवस ते भाऊचा धक्का या लाँचवर ड्रायव्हर होता. पगार एकशे वीस रुपये, पक्का. पहिली वहिनी गेली, मूलबाळ नव्हतं, आणि चाळिशी उलटल्यावर त्याने नीराबाईशी पाट लावला. ती विधवा, सुकी मासळी विकणारी. आमच्या कोळ्यांत पाट लावण्याचं कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटलं ते तिने घातलेल्या अटीचं.

"घरखर्च निम्मानिम्मा," ती म्हणाली होती. "माझी पिशवी येगळी, तुमची येगळी."

मी तेव्हा मच्छीमार सोसायटीत कारकून होतो. दिवसभर लोकांच्या मापातली चूक शोधायची हा धंदा, त्यामुळे माझा स्वभावच तसा झालेला. मी घरी येऊन बायकोला, काशीला, म्हटलं, "आपणहून निम्मा खर्च देणारी बाई पाहिलीस कधी? यात कुठेतरी पाणी मुरतंय."

काशी म्हणाली, "तुमाला सगलीकडं पानीच दिसतं."

दर महिन्याच्या एक तारखेला दोघं स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यात चाळीस-चाळीस रुपये टाकत. तांदूळ, तेल, रॉकेल, लाकूड, घरपट्टी, पाहुणेरावळे, सगळं त्या ऐंशीत. दादाला हे फार आवडलं होतं. सारखं ते सारखं, म्हणायचा. लाँचवर दोस्तांना सांगायचा की माझ्या बायकोचा माझ्यावर भार नाही.

दोन वर्षं मी नीरावहिनीवर डोळा ठेवून होतो. नवीन लुगडं नाही, अंगावर दागिना नाही, कधी दुकानातून दोन पैशांची खारी बिस्किटं आणताना दिसली नाही. साधा माणूस म्हणाला असता, बिचारीकडे पैसा नसेल. मी म्हटलं, लपवते आहे! पहिल्या नवऱ्याची पोर, रतन, उरणला मामाकडे होती. पैसा तिकडे जातो, याची मला खात्रीच झाली.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात मी एक दिवस रजा टाकली आणि पोयनाडच्या आठवडा बाजारात गेलो. एका कापडवाल्याच्या पालाआड उभा राहून तिचं गिऱ्हाईक न् गिऱ्हाईक मोजलं. सोडे, जवळा, बोंबील. दुपारपर्यंत पंचवीस रुपये तिच्या कमरेच्या पिशवीत गेले. महिन्याचे चार बाजार, म्हणजे शंभर! येताना एसटीत मला इतका आनंद झाला होता की आज सांगायला लाज वाटते.

त्याच संध्याकाळी दादाच्या पडवीत मी सगळं ओकलो. वहिनी आत भाकऱ्या थापत होती, तिला ऐकू जाईल असंच बोललो. "शंभर कमावते दादा, आणि तुला वाटतं गरीब आहे."

दादाचा चेहरा पडला. "नीरा, भायेर ये," त्याने हाक मारली. "ह्यो बाळाजी सांगतो तं खरं हाय का? शंभर मिलतान तुला?"

ती हात पुसत आली. आधी माझ्याकडे बघितलं. "भावजी, तुमी बाजारात होता? मंग एक टोपली उचलाला तरी यायचं व्हतं."

मी खाली बघितलं. तिने दादासमोर बसून बोटांवर हिशेब मांडला. "पंचवीस आलं. त्यातली ओली मासली अकराची. मीठ एक. माझं नि टोपल्यांचं गाडीभाडं अडीच. बाजाराची पट्टी आठ आणे. पंधरा गेलं. ऱ्हायलं दहा. महिन्याचं चालीस. तं सगलं ह्या डब्यात."

मी कारकून माणूस. विक्री वेगळी आणि कमाई वेगळी, हे मी रोज दहा जणांना समजावून सांगत असे. पण मनात संशय भरला की साधी वजाबाकीसुद्धा सुचत नाही.

"आनि ज्या म्हैन्याला तीसच मिलतान?" दादाने विचारलं.

आत जाऊन तिने कापडात बांधलेलं भांडवल आणलं. पावसाळ्यात विकायचा माल वैशाखात भरून ठेवायचा, त्यासाठीचा हा पैसा. लग्नाच्या वेळी दीडशे होते. आता साठ उरले होते. दर उणा महिना तिने त्यातून भरून काढला होता. आणखी वर्ष-दीड वर्षात हा पैसा संपला असता, धंदा बसला असता, आणि ती बाई हात पसरायला मोकळी झाली असती.

आणि दादाकडे? खर्च भागून महिन्याला ऐंशी रुपये शिल्लक पडत होते. दोघांनी सारखंच टाकलं होतं खरं, पण एकीचा तळ खरवडला जात होता.

दादा मला म्हणाला, "तू हिशेबाचा ना? कर हिशेब."

हिशेब अवघड नव्हता. दोघांची मिळून कमाई एकशे साठ, खर्च ऐंशी. म्हणजे ज्याने त्याने आपल्या रुपयामागे आठ आणे द्यायचे. दादाचे साठ, वहिनीचे वीस. ज्या महिन्याला तिला तीसच मिळतील त्या महिन्याला तिने पंधरा द्यायचे, उरलेलं दादाने भरायचं. त्याच्याकडे तरीही भरपूर उरत होतं. मला वाटलं, आता ही बाई सुटकेचा श्वास टाकेल.

पण तिचे डोळे बारीक झाले. आता संशय घ्यायची पाळी तिची होती.

"म्हंजे घरखर्चाच्या रुपयात तुमचं बारा आणे, माझं चार आणे," ती म्हणाली. "आनि उद्या कोनी म्हनलं का ह्या घरात हिचं चारच आणे हान, तं?"

"कोन म्हनंल?" दादा चिडला.

"माझ्या पयल्या घरात म्हनलं. तेरावा झाला नि दीर म्हनले, तू आमचं खाल्लंस, आता जा. रतनला काखंत घेऊन निंगाले मी. म्हनून मी निम्मा देते. निम्मा देनारीला कोन खाल्लंस म्हननार न्हाय."

मग ती सरळ माझ्याकडे वळली. "भावजी, तुमीच सांगा. उद्या हे नसलं, तं तुमी मला ह्या घरात ऱ्हाऊ द्याल?"

घर दादाने स्वतःच्या कमाईने बांधलेलं. त्याला मूल नव्हतं, मला दोन मुलगे होते. बायकोचा हक्क सांगणारा नवा कायदा झाला आहे असं अलिबागला म्हणत, पण आमच्या पाड्यात कायदा कोणी विचारला होता? ते घर माझ्या पोरांचं होणार, हे मी मनात केव्हाच धरून चाललो होतो. दोन वर्षं मी तिच्या पिशवीवर डोळा का ठेवून होतो, ते मला तेव्हा, त्या पडवीत, कळलं.

"देईन की," मी म्हणालो. पण ते म्हणायला मला फार वेळ लागला होता.

तिला तो उशीरच पुरला. तिने त्या साठ रुपयांतले दहा मोजून वेगळे काढले, कारण त्या दिवशी एक तारीख होती आणि सरलेल्या महिन्यात तीसच मिळाले होते. "मी चालीसच टाकीन," ती म्हणाली आणि डबा पुढे ओढला.

दादाने तिचा हात धरला. मी त्याला इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. "बाळाजी, कागद घे. ग्रामपंचायतीला अर्ज लिव. घर तुळशीराम नि नीराबाई, दोघांच्या नावावर. निम्मंनिम्मं. खर्च कमाईपरमानं, घर मानसापरमानं."

मी लिहिला. माझ्याच हाताने, माझ्याच पोरांचं घर घालवणारा अर्ज. अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं नाही. दादाने सही केली, वहिनीने अंगठा उठवला.

शाई वाळेपर्यंत ती थांबली. मग कागदाची घडी करून कमरेला खोचली, पायांत वहाणा घातल्या आणि शाळेच्या मास्तरांकडे गेली, मी काय लिहिलं आहे ते वाचून घ्यायला. परत आल्यावर तिने डब्यात पंधरा रुपये टाकले.