शिंपीणबाईंची चिठ्ठी

रुग्णालयाच्या शिवणखोलीतल्या जागेसाठी शिंपीणबाईंनी अर्ज दिला, त्याला आठवडा झाला तरी उत्तर नव्हतं. थोरल्या जाऊबाई फणकारल्या, “जा नि चांगलं खडसाव त्यांना!”

“अहो, उसवलेलं ओढलं की आणखी फाटतं,” म्हणत बाईंनी लिहिलं, ‘गेल्या सोमवारी अर्ज दिला आहे. तो पोहोचला का, एखादा कागद कमी आहे का, हे सवडीनं कळवावं, ही विनंती.’ खाली नाव नि फोन नंबर घालून चिठ्ठी कचेरीच्या खिडकीत दिली.

दुपारीच कारकुनाचा फोन आला. “बाई, बरं झालं विचारलंत! परवा मुलाखत आहे, पण तुमच्या अर्जात फोनचा रकाना कोराच होता.”

जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. “आणि मी तुला भांडायला पाठवत होते!”

बाईंनी हसत कात्री धार लावायला काढली.