अकराव्या मजल्याचा गारवा

ढोकीच्या श्रीपती ओव्हाळला उन्हाची कधी भीती वाटली नाही. बहात्तरच्या दुष्काळात विशीतल्या या पोराने रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. पुढे सोलापूरला आयटीआयमध्ये एसीच्या यंत्रांचं शिक्षण घेतलं आणि मुंबईच्या एका उंच इमारतीत नोकरीला लागला. तिथे आठ वर्षांत त्याला ऊन फक्त ड्युटी सुटल्यावर, तेही उतरणीचं, दिसलं. त्याची कामाची जागा इमारतीच्या पोटात, जमिनीखाली होती. एका बाजूला पाणी गार करणारी मोठी यंत्रं घरघरत आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या खोलीत कंट्रोलचा कॉम्प्युटर. त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर पाऊस आहे की आभाळ स्वच्छ आहे, हे वरून उतरणाऱ्या माणसांच्या छत्र्यांवरून समजे.

कॉम्प्युटर येऊन वर्षच झालं होतं. प्रत्येक मजल्यावर भिंतीला एक पांढरी डबी होती. ती तिथलं तापमान तारेवाटे खाली कळवी, कॉम्प्युटर त्यावरून त्या मजल्याच्या गार पाण्याचा व्हॉल्व्ह कमीजास्त उघडे, आणि दर तासाला सगळ्या मजल्यांचे आकडे प्रिंटर कागदावर उमटवी. त्याची करकर सुरू झाली की गुरुलिंग म्हणायचा, "घे, रडाया लागलं बाळ."

गुरुलिंग उमरग्याकडचा. कानडी मुलखाला चिकटलेल्या गावातला, श्रीपतीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. खालची यंत्रं त्याच्याकडे. बायको वारलेली, मुली नांदायला गेलेल्या. श्रीपती त्याला अण्णा म्हणे आणि दोघं एका डब्यात जेवत. वरच्या मजल्यांवरच्या साहेबांना जे ठाऊक नसेल ते या दोघांना एकमेकांचं ठाऊक होतं. श्रीपतीची बायको कमल ढोकीला सासू-सासऱ्यांपाशी राहते, धाकटी मुलगी बापाला पाहुणा समजते आणि तो गावी गेला की आईच्या पदरामागे लपते, हे गुरुलिंगला माहीत होतं.

भाद्रपद संपत आला तेव्हा कमलचा भाऊ व्यंकट मुंबईला आला. तो गावाजवळच्या साखर कारखान्यात होता. बॉयलरची मोजयंत्रं सांभाळायला माणूस हवा आहे, साहेबांशी बोलणं झालं आहे, असा निरोप त्याने आणला. मात्र हंगामाआधी बॉयलर पेटवायचा त्या दिवशी हजर पाहिजे, आणि आधीच्या नोकरीतून रीतसर सुटल्याचा दाखला पाहिजे. दसऱ्याच्या पुढे जागा राहायची नाही. जाताना व्यंकट एवढंच म्हणाला की आक्का बोलत नाही, पण तुम्ही येणार म्हणून तिनं घरातली तुमची खाट झाडून उन्हात टाकली.

श्रीपतीने चीफ इंजिनीअर वागळे साहेबांना गाठलं. वागळे सभ्य माणूस. आवाज न चढवता नाही म्हणायची त्यांची रीत होती. त्यांनी खुर्ची दिली, घरची चौकशी केली आणि सांगितलं की वरून गरमीच्या तक्रारी येताहेत, मालक रोज विचारतात. कुठल्या मजल्यांत बिघाड आहे तेवढं नोंदींवरून शोधून द्या, मग दाखल्यावर लगेच सही करतो. श्रीपतीला ते रास्त वाटलं.

तो कागदाची चळतच घेऊन बसला. ज्या मजल्याचा आकडा मोठा, तो मजला आजारी, असा त्याचा सरळ हिशोब. सहावा मजला ठळक दिसत होता. सकाळी ठीक, आणि जेवणानंतर रोज एकोणतीस अंश. श्रीपती वर गेला. हवा फिरवणाऱ्या यंत्राची खोली उघडली. जाळ्या स्वच्छ, पट्टा ताणलेला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, आणि पाइपाला हात लावला तर बोटं गारठली. त्याने तरी जाळ्या धुतल्या, व्हॉल्व्ह खोलून पुन्हा बसवला. आकडा हटेना. दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी तो प्रत्यक्ष ऑफिसात शिरला तेव्हा बायका शाली पांघरून टाइप करत होत्या.

पांढऱ्या डबीच्या अगदी खाली एक फळी होती आणि फळीवर चहाची वाफाळती किटली. चहा देणाऱ्या द्वारकाबाई मूळच्या येडशीच्या. त्यांना त्याने विचारलं की ही किटली इथं कशाला.

"मोठ्या साहेबाला उकडतं," द्वारकाबाई म्हणाल्या. "डबी तापली का वारं गार सुटतं. तुमच्याच मान्सानं सांगितलं की, गेल्या साली."

"आन् या बाया कुडकुडतेत त्या?"

"त्येंचा काय पगार त्येवढा न्हाय बाबा."

श्रीपतीला आधी हसू आलं. कागदावर सगळ्यात गरम दिसणारा मजला इमारतीत सगळ्यात गार होता. मग कागदावर ठीक दिसणाऱ्यांचं काय?

तक्रारी सर्वांत जास्त अकराव्या मजल्याच्या होत्या. तिथे विम्याचं ऑफिस. नोंदीत मात्र अकरावा साडेतेवीस, आणि ठरवून दिलेलं तापमान चोवीस. वागळे म्हणत, "त्या लोकांना तक्रारीची सवयच आहे." श्रीपतीही तसंच समजत आला होता. यंत्र रोज सांगतंय तर माणसंच कटकटी असणार, असं तळघरात बसून वाटतंच. आता तो वर जाऊन उभा राहिला. कारकून मानेवरचा घाम पुसत होते, खिडक्या तर उघडतच नव्हत्या. एका बाईने त्याच्याकडे पाहून फक्त फाईलने वारा घेतला. तक्रार इतक्या वेळा करून झाली असावी.

घामाचा पुरावा वागळ्यांना पुरणार नव्हता. साडेतेवीस खोटं आहे हे कागदानेच सांगायला हवं. श्रीपतीने जुने कागद पुन्हा चाळले आणि त्याच्या ध्यानात आलं की शनिवार संध्याकाळनंतर कागदच नाहीत. रात्री आणि रविवारी इमारत बंद, एसी बंद, म्हणून कागद वाचवायला मजले पुन्हा गार होईपर्यंत प्रिंटरही बंद ठेवायची साहेबांची शिस्त होती. वर्षभर कुणालाच त्यात वावगं दिसलं नव्हतं. बंद दुकानाची विक्री कोण लिहितं?

त्याने वागळ्यांकडे एका रविवारपुरता प्रिंटर चालू ठेवायची परवानगी मागितली. ते हो म्हणाले. रविवारी श्रीपती आपणहून आला. यंत्रं गप्प होती. त्या शांततेत खोली आणखी लहान वाटत होती. गावी आज बाजार असेल, कमल पिशवी घेऊन निघाली असेल, असं त्याच्या मनात येत राहिलं. तासातासाने कागद सरकत होता. मजले तापत चालले. सव्वीस, अठ्ठावीस, तिसाच्या वर. सहावासुद्धा, किटलीवाचून. अकरावा मात्र साडेतेवीस. दुपारी साडेतेवीस. दिवस कलला तरी साडेतेवीस.

"अण्णा," सोमवारी त्याने कागद गुरुलिंगपुढे धरला, "बंद इमारतीत ह्योच मजला गार कसा ऱ्हायला?"

गुरुलिंगने आकड्यांवरून बोट फिरवलं. "यप्पा. मेलंय हे."

तसंच निघालं. अकराव्यावर नव्या भिंती घालताना सुताराने डबीची तार तोडली होती. तार तुटली की हा कॉम्प्युटर शेवटचा आलेला आकडाच धरून बसे. आकडा चोवीसच्या खाली, म्हणजे मजला हवा तेवढा गार, असं समजून तो व्हॉल्व्ह मिटून ठेवी. पंखा फिरायचा, वारा यायचा, पण त्यात गारवा नव्हता. तार जोडताच खरा आकडा उमटला, तीस, आणि व्हॉल्व्ह उघडला.

वागळ्यांनी श्रीपतीच्या पाठीवर हात ठेवला. ते मनापासून खूश होते, आणि त्यातच घात झाला. मालकांच्या आणखी दोन इमारतींत असेच कॉम्प्युटर बसताहेत, मी तुमचं नाव सांगून टाकलंय, असं ते म्हणाले. श्रीपतीने दाखल्याची आठवण दिली.

"ओव्हाळ, हे वाचणारा दुसरा माणूस माझ्याकडे नाही," वागळे शांतपणे म्हणाले. "तुम्हाला सोडलं तर मी मालकांना काय सांगू? उन्हाळ्यानंतर बघू."

श्रीपती खाली आला आणि खुर्चीवर बसून राहिला. दार उघडं होतं. पण दाखल्याशिवाय बाहेर पडून पोचायचं कुठे? चांगलं काम केलं नसतं तर सुटलो असतो, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

त्याच्या हातात सोमवार सकाळचा कागद होता, आणि त्यात आणखी एक गोष्ट होती जी त्याने साहेबांना सांगितली नव्हती. एसी सुरू झाल्यावर बाकीचे मजले तास-दीड तासात तिसावरून चोवीसला उतरले होते. चौदावा उतरत होता, पण रेंगाळत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत. म्हणजे डबी शाबूत, पाणीही पोचतंय, पण पुरेसा वारा फिरत नाही. जाळी तुंबलेली असेल नाहीतर पट्टा सैल.

त्याने ते गुरुलिंगला दाखवलं. गुरुलिंग म्हणाला, "सांगू नको. चौदाव्याची तक्रार आली की तू चुकला म्हणतेल, देतेल सोडून."

"आन् चौदाव्यावरची मान्सं?"

"त्येंचं तुला काय?"

फाईलने वारा घेणारी ती बाई श्रीपतीला दिसत होती. गुरुलिंगने त्याच्याकडे पाहिलं, हातातली तंबाखूची चिमूट परत चंचीत टाकली. मग त्याने कागद ओढून घेतला. "पुन्यांदा सांग. सावकाश. रविवारी काय बघायचं, सोमवारी काय बघायचं."

श्रीपतीने सांगितलं. गुरुलिंगने दोनदा चुकीचं म्हणून दाखवलं, तिसऱ्यांदा बरोबर. अक्षरओळख बेताची, पण आकडे तो आयुष्यभर यंत्रांच्या काटेवाल्या मापांवर वाचत आला होता. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच कागद घेऊन वागळ्यांच्या टेबलाशी उभा राहिला. श्रीपती दारात थांबला. चौदावा मजला उशिरा उतरतोय, पाणी ठीक, वारा कमी, असं गुरुलिंगने ठासून सांगितलं. वागळ्यांनी माणूस वर धाडला. पट्टा सैल होऊन पुलीवर घसरत होता.

वागळे कागदाकडे बघत राहिले. "हे तुम्ही वाचलंत?"

"व्हय साहेब. येतंय मला. ओव्हाळला जाऊ द्या."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. सही करताना त्यांनी एवढंच विचारलं की त्या दोन इमारतींनाही जाल ना? गुरुलिंग हो म्हणाला. वर्षातून दोनदा तो उमरग्याकडे लेकींना भेटून येत असे. आता तेही होणार नाही हे दोघांनाही कळत होतं.

खाली येताना श्रीपतीने विचारलं, "अण्णा, तुमी कशाला अडकलात?"

"मला कोन खाट उन्हात टाकून बसलंय," गुरुलिंग म्हणाला. मग पाठ फिरवून त्याने काचेच्या खोलीचं दार ढकललं. "जा आता. तू हितं उभा ऱ्हायलास तर मला आकडा सुचायचा न्हाय."

श्रीपती जिन्याने वर निघाला. घडी घातलेला दाखला त्याने खिशावर हात ठेवून चाचपला. मागे प्रिंटरची करकर सुरू झाली आणि खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.