सहीचा रकाना

साठचं दशक संपत आलं होतं. शहाद्याच्या आमच्या छोट्या संस्थेनं अक्कलकुव्याच्या डोंगरात प्रौढ साक्षरतेचे तीन वर्ग चालवले होते. ते वाढवायला अनुदान हवं, आणि देणाऱ्या परदेशी मंडळींनी अर्जासोबत एक नवाच तक्ता मागितला. मी चिटणीस, म्हणून तक्ता माझ्याच गळ्यात.

त्यात खालून वर चढायचं. आपण काय घालणार: शिक्षक, पाट्या, कंदील. हाती काय येणार: पुस्तिका पुरी केलेली माणसं. त्यानं त्यांच्या जगण्यात काय बदलणार. प्रत्येक पायरीपुढे तीन रकाने: हे झालं ते कशावरून ओळखायचं, पुरावा कुठे, आणि आपण गृहीत काय धरलंय. बदलाच्या पायरीवर मी ठसक्यात लिहिलं, 'आपले कागद स्वतः हाताळतील.' ओळखायचं कशावरून? अंगठ्याऐवजी सही. पुरावा? तहसील कचेरीतले कागद. गृहीताचा रकाना मी कोराच ठेवला. वर शिक्षकांना सांगितलं, आधी सही घोटून घ्या, मोजायला सोपी.

पुरावा बघायला कचेरीत गेले, तर आमच्या वर्गात शिकलेला एक गडी हौसेनं सोबत आला. घरी भिली बोलणारा, आमच्याशी अहिराणीत. त्यानं आपला कागद दाखवला.

"बाई, मन्ही सही बरी शे ना?"

सही बरी होती. मी तिच्या वरचा मजकूर वाचला. डोंगरउतारावरचा आपला नागलीच्या शेताचा तुकडा आपण राजीखुशीनं सोडत आहोत, असं त्यात लिहिलं होतं.

"हे तुला कुणी वाचून दाखवलं नाही?"

"अंगठा लावे तवय कारकून वाची दखाडे. आते तो बोलना, तुले सही येस, मंग काय वाचू?"

बाकीचे कागद मी भराभर उलटले. प्रत्येक अंगठ्याखाली 'वाचून दाखवले, समजले' अशी ओळ आणि दोन साक्षीदार. सह्यांखाली काहीच नाही. ती ओळ माझ्या तक्त्यानं पुसली होती. मला स्वतःचीच शिसारी आली.

त्या तुकड्यासाठी मी तिथंच हरकतीचा अर्ज लिहिला. तक्त्यातली सही खोडली आणि लिहिलं, 'कधी न पाहिलेला कागद वाचून त्यात काय आहे ते आपल्या बोलीत सांगतील.' पुरावा: आमच्या शिक्षकाऐवजी दुसऱ्यानं घेतलेली परीक्षा. त्या मापानं तीन वर्गांत मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरणार होती. अनुदान गेलं तर जावो, म्हटलं.

हरकतीचा अर्ज पुढे केला तर गड्यानं लेखणी घेतलीच नाही. शाईच्या गादीवर अंगठा दाबून तो कारकुनाकडे वळला.

"अंगठाच लावसू. पयले वाची दखाडा."

माझ्या जुन्या तक्त्यात तो नापास झाला असता.